साशिको या जपानी भरतकामाची कार्यशाळा: अभिप्राय आणि आमचं उत्तर

अभिप्राय (२ तारे): "१,४०० रुपये घेऊन शिकवलं काय, तर साधा धावदोरा! घरी येऊन बघते तर कापडाला चुण्या आणि चौकोनांचे सगळे कोपरे गोल. कापडच निकृष्ट दिलंय."

नमस्कार ताई,

तुमची निराशा झाली, त्याबद्दल दिलगीर आहे. धावदोरा म्हणालात, तो आहेच. जाहिरातीतही मी तसंच लिहिते. पण 'निकृष्ट कापड' मनाला लागलं. ते एकाच ताग्यातलं, मी स्वतः धुऊन कापलेलं, त्या दिवशी सगळ्यांना तेच दिलं होतं.

तुमचे फोटो नीट पाहिले. उलट्या बाजूला प्रत्येक कोपऱ्यावर दोरा तारेसारखा ताणलेला दिसतो. जपानी पद्धतीत साशिकोला रिंग लावत नाहीत. चार-पाच टाके सुईवर चढवून एकदम ओढतात, त्यामुळे कापड गोळा होतंच. ते दर वेळी अंगठ्याने दोऱ्यावरून सारून सपाट करायचं असतं. कोपऱ्यावर दोरा दिशा बदलतो, म्हणून तिथे मागे थोडी ढील सोडायची. ती नसेल तर कोपरा आत खेचला जातो. चुणी पडते ती तिथून.

गोलाईचं आणखी एक कारण आहे. चौकोनाची बाजू ३ सेंटिमीटर. मी सांगितलं होतं, वर ३ मिलिमीटर टाका, मध्ये २ मिलिमीटर जागा. म्हणजे १ सेंटिमीटरच्या प्रत्येक घरात दोन टाके बसतात आणि कोपऱ्यापासून आधी जागा, मग टाका असं गेलं की सहाव्या टाक्याची सुई बरोबर पुढच्या कोपऱ्यात खाली जाते. तुमचा टाका ४ चा आणि जागा ३ ची झाली आहे. चार टाक्यांत २८ मिलिमीटर झाले, उरलेले २ सोडून तुम्ही थेट पुढच्या बाजूवर वर आलात. कोपरा रिकामा राहिला, की डोळ्याला तो गोलच दिसतो. मोठा टाका चालतो हो, पण मग तो फरक आधीच चारही टाक्यांवर थोडा थोडा वाटून घ्यायचा. शेवटचा एकच टाका ताणला तर तो वेगळा उठून दिसतो.

हे सगळं चहानंतर दाखवलं होतं. तेव्हा तुम्ही फोनवर बाहेर होतात. कामाचा फोन असेल, माझं काही म्हणणं नाही. पुढच्या बॅचला कोपरे जरा आधी घेता येतात का, बघते.

तो तुकडा उसवून टाकू नका. शेवटी दोरा शिल्लक असेल तर गाठ सोडून टाके अंगठ्याने सारा, चुण्या बऱ्याच निघतील. रिकामे कोपरे मात्र परतच घालावे लागतील. दुकानात आलात तर बसून करून देईन, पैसे नकोत.

तारे तुम्ही द्याल ते खरे. पण नाव नोंदवण्याआधी लोक हेच वाचतात, म्हणून कापडाबद्दलचं तेवढं वाक्य काढलंत तर उपकार होतील.