रजेच्या अर्जात तासांचा हिशोब

"आत्या, मुक्त विद्यापीठाच्या बी.एड.च्या यादीत नाव लागलं नाही. नियमित बी.एड.साठी दोन वर्षांची रजा मागायची आहे. मोठ्या बाई म्हणतात, आधी तुझे तास कोण घेणार ते लिहून आण. अर्ज कसा लिहू?"

भाचीने हे घरच्या ग्रुपवर टाकलं आणि मी शाळेत जायला निघेपर्यंत तिथे निकालही लागला होता. दादाने, म्हणजे तिच्या वडिलांनीच, लिहिलं होतं, "रजा कशाला? फी थोडी जास्त घेतात, पण हजेरी लावणारी कॉलेजं आहेत. परीक्षेला जायचं फक्त." त्याला अंगठे मिळाले. वहिनीने बाळंतपणाच्या रजेत बँकेने तिला कसं छळलं ते सविस्तर लिहिलं. मूळ प्रश्नाला उत्तर कुणीच दिलं नाही. माझं डोकं फिरलं ते अजून ठिकाणावर नाही.

मी इंग्लंडमधल्या एका माध्यमिक शाळेत कव्हर लावते. सकाळी सातच्या आत फोन सुरू होतात. कुणाचं पोट बिघडलेलं, कुणाचं मूल आजारी, कुणाची गाडी रद्द. पहिल्या तासाची घंटा होईपर्यंत प्रत्येक वर्गासमोर कुणीतरी उभं करायचं, हे माझं काम. तेव्हा शिक्षक नसलेल्या वर्गाचं काय होतं हे दादापेक्षा मला जरा जास्त कळतं, असं मी म्हटलं तर त्याने रागावू नये.

हजेरी लावणाऱ्या कॉलेजांचं आधी संपवते. बी.एड. 2015 पासून दोन वर्षांचं आहे. वर्षाला किमान 200 दिवस कामकाज, 80 टक्के हजेरी, आणि 20 आठवड्यांच्या इंटर्नशिपला 90 टक्के. शाळेच्या मस्टरवर त्याच दिवशी, त्याच वेळी सही असेल तर दोन्हींतली एक खोटी. हे शोधायला पोलीस लागत नाहीत, दोन मस्टर शेजारी ठेवले की पुरे. आणि पोरीला ही पदवी नववी-दहावीला शिकवता यावं म्हणून हवी आहे.

आता तास. भाचीने पाठवलेला पहिला मसुदा असा: आठवड्याचे 30 तास पाच सहकाऱ्यांत वाटलेले. आठवी अ आणि ब यांचं विज्ञान 12, सातवी अ चं विज्ञान 6 आणि गणित 7, सहावी ब चं विज्ञान 5. वेळापत्रकात सगळ्यांचे रिकामे तास शोधून तिने ते नीट बसवलेही होते. कागदावर बसतातच. पण त्या रिकाम्या तासांत सहकारी वह्या तपासतात, आणि कुणी अचानक गैरहजर राहिलं तर मोठ्या बाई तिथूनच माणूस उचलतात. पहिल्या पावसाळी तापाच्या साथीत ही मांडणी कोसळेल.

आमच्याकडे 2009 पासून शिक्षकांना गैरहजर सहकाऱ्याचा तास क्वचितच द्यायचा असतो. त्यासाठी कव्हर सुपरवायझर असतात. ते वर्ग सांभाळतात, दिलेलं काम करून घेतात, शिकवत नाहीत. दोन-चार दिवसांना ते ठीक. रजा लांबली की एजन्सीकडून त्या विषयाचा शिक्षक घ्यावा लागतो, आणि 12 आठवड्यांनंतर त्याला आमच्या शिक्षकाइतका पगार द्यावा लागतो, म्हणून कार्यालयात उसासे सुरू होतात. ज्या वर्गाला एकच माणूस मिळत नाही तो वर्ग वहीवरून ओळखू येतो. तोच धडा दोनदा सुरू झालेला असतो, तपासलेल्याची खूण महिनाभर नसते, आणि मागे पडलेलं पोर कोणतं हे कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून भाचीला म्हटलं, तास पाच जणांत फोडू नकोस. रजा बिनपगारी मागते आहेस तर तुझा पगार शाळेकडे शिल्लक राहणार. त्यातून रजेच्या जागी बी.एससी., बी.एड. झालेली एकच व्यक्ती तात्पुरती नेमता येईल. विज्ञानाचे सगळे 23 तास तिच्याकडे. सातवी अ चं गणित तेवढं सातवी ब ला गणित शिकवणाऱ्या बाईंकडे, त्या कबूल असतील तरच. वर्गशिक्षिकेचं कामही त्यांच्याकडेच. नेमणूक होईपर्यंतच्या मधल्या काळात आठवीचे 12 तास आधी भरायचे.

नाना काका निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचं म्हणणं, "अर्जात व्यवस्था लिहूच नये. तास लावणं मुख्याध्यापकाचं काम, नेमणं संस्थेचं. उद्या गोंधळ झाला की हिच्या अंगावर." नेमणुकीबद्दल ते बरोबर आहेत, म्हणून अर्जात 'प्रस्ताव' लिहायचं. पण आठवी ब चा कुठला धडा कच्चा राहिलाय हे संस्थेला कसं कळणार?

तारखेचा घोळ वेगळाच. शाळा जूनमध्ये सुरू होते, बी.एड.च्या प्रवेशफेऱ्या त्यानंतरही रेंगाळतात. ठरावीक तारीख लिहिली तर कॉलेज सुरू होण्याआधीच पगार बंद व्हायचा. शेवटी हा मजकूर ठरला:

"मा. सचिव, यांना मा. मुख्याध्यापिका यांच्यामार्फत.

विषय: नियमित बी.एड. (दोन वर्षे) अभ्यासक्रमासाठी विनावेतन अध्ययन रजा मिळणेबाबत.

मी इयत्ता 6 वी ते 8 वीस विज्ञान व गणित शिकवते. प्रवेश निश्चित झाल्यास, कार्यमुक्तीच्या दिनांकापासून अभ्यासक्रम पूर्ण होईपर्यंत विनावेतन रजा मंजूर करून माझे पद कायम ठेवावे, ही विनंती. प्रवेशाची यादी लागताच त्याच दिवशी कळवीन. माझ्या 30 तासांपैकी विज्ञानाचे 23 तास रजा कालावधीपुरत्या नेमणुकीतून व गणिताचे 7 तास सहकारी शिक्षिकेच्या लेखी संमतीने भरावेत, असा प्रस्ताव सोबत जोडला आहे. प्रथम सत्राचे घटक नियोजन, आकारिक नोंदी व प्रयोगसाहित्याची यादी कार्यमुक्तीपूर्वी सुपूर्द करीन. नव्या शिक्षकांसोबत एक आठवडा वर्गात थांबण्याची माझी तयारी आहे."

जास्त लक्ष द्यावं लागणाऱ्या मुलांची नावं यात नकोत. ती मोठ्या बाईंना वेगळ्या कागदावर.

ग्रुपवर मी जरा शेखीही मिरवली. इथे मोठ्या आस्थापनांत प्रशिक्षणासाठी वेळ मागण्याचा कायदेशीर हक्क आहे. काय शिकणार, कुठे, कधी, कोण शिकवणार, कामाला उपयोग काय, एवढं पत्रात लिहायचं. 28 दिवसांत होकार द्यायचा नाहीतर बैठक घ्यायची. तुमची जागा कोण भरणार हे त्या पत्रात लिहावं लागत नाही. त्या वेळेचा पगार द्यायलाच हवा असं कायदा म्हणत नाही, हे मात्र मी ग्रुपवर लिहिलं नाही.

नानांनी विचारलं, "मग तू का नाही घेतलीस?"

माझं बी.एड. महाराष्ट्रातलं, इतिहास-भूगोलाचं. 2023 पासून भारतातल्या शिक्षकांना इथे थेट पात्रता मागता येते, पण गणित, विज्ञान आणि भाषा शिकवणाऱ्यांना. इतिहासवाल्यांनी पुन्हा प्रशिक्षण घ्यायचं, फी भरायची. तो हिशोब मी मांडते आणि बाजूला ठेवते. तोवर दुसऱ्यांना वर्गात पाठवते. इथे मी आजारी पडले तर कव्हरची यादी दुसरं कुणी करतं, कुठलाही वर्ग रिकामा राहत नाही. भाचीकडे मात्र मागे सोय लावून जावी लागेल असा वर्ग आहे. मला तिचा हेवा वाटला, आणि दादावरचा अर्धा राग त्यातूनच आला असणार.

इंटर्नशिप स्वतःच्याच शाळेत करावी, म्हणजे तासही भरतील, असं नाना म्हणतात. कॉलेजने ती शाळा दिली तर तिथे जाता येईल. पण प्रशिक्षणार्थीचे पाठ कुणीतरी मागे बसून बघायचे असतात, ती पूर्ण वेळेची बाई नव्हे. यावर आमचं अजून जमलेलं नाही. आणि दोन वर्षांच्या बिनपगारी रजेत ज्येष्ठता व वेतनवाढ धरणार की नाही, हे भाचीने विचारल्यावर मोठ्या बाई म्हणाल्या, "बघू." मंजुरीच्या पत्रात या दोन गोष्टी लेखी आल्याशिवाय कार्यमुक्तीवर सही करू नकोस, असं मी तिला कळवलं आहे. नाना म्हणतात, एवढं ताणलं तर रजाच मिळणार नाही.