न घडलेल्या व्यवहाराचा जमाखर्च

आमच्या अंधेरीच्या कचेरीत महिनाअखेरीला सगळ्यांची पावले लवकर घरी जाण्यासाठी लिफ्टकडे वळत असतात, तेव्हा हिशेब खात्यात आम्ही अशा व्यवहारांची नोंद करत बसतो, जे घडलेलेच नसतात. बँकेत पडून असलेल्या डॉलरला महिनाभर कोणी हात लावलेला नसतो, पुरवठादाराला द्यायचे बिल फायलीत झोपलेले असते, तरीही एकात नफा आणि दुसऱ्यात तोटा झाला, असे मला मालकांना जाऊन सांगावे लागते. मालक व्यापारी घराण्यातले आहेत. पैसा आला म्हणजे नफा आणि गेला म्हणजे तोटा, इतका स्वच्छ हिशेब त्यांच्या पिढ्यांनी केला आहे, त्यामुळे दर महिन्याला ते मला तोच प्रश्न विचारतात, “अहो, पण गेले कुठे?”

कुठेच गेलेले नसतात. आपण परदेशी चलनात जे घेणे-देणे करतो, ते पुस्तकात रुपयांत लिहितो आणि रुपयाचा भाव रोज बदलतो. म्हणून ताळेबंदाच्या तारखेच्या दराने ते पुन्हा लिहावे, असे लेखामानक सांगते, आणि आम्ही ताळेबंद दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी काढतो. खरी करमणूक ‘शेवटच्या दिवशीचा दर’ ठरवण्यापासूनच सुरू होते. बँकेचा डॉलर विकण्याचा दर वेगळा, घेण्याचा वेगळा, खरेदी खात्यातल्या गृहस्थांच्या मोबाईलवर दिसणारा तिसराच, आणि आयात मालाच्या कागदपत्रांवरचा सीमाशुल्काचा दर या तिघांशीही न जुळणारा. या चौघांत मी महिन्यातून एकदा पंचायत भरवतो आणि निकाल पाचव्याच्या बाजूने देतो: फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही संस्था जाहीर करते तो संदर्भ दर. पूर्वी हा दर रिझर्व्ह बँक जाहीर करत असे. 2018 च्या जुलैपासून ते काम या संस्थेकडे आले. महिन्याचा शेवट रविवारी आला, तर मात्र दर जाहीरच होत नाही, मग शुक्रवारच्या दराने भागवावे लागते. खरेदीवाले गृहस्थ तेव्हाही मोबाईल पुढे करून म्हणतात, “पण माझ्याकडे आजचा आहे की!”

गेल्या एका महिन्यातले आकडे, जरा सोपे करून सांगतो. पुरवठादाराचे दहा हजार डॉलरचे बिल 85.00 दराने साडेआठ लाख रुपयांना नोंदवले होते. महिनाअखेरीचा दर 85.60 निघाला, म्हणजे देणे 8,56,000 झाले आणि सहा हजारांचा तोटा बसला. आमच्या परकीय चलन खात्यातले, म्हणजे बँकेच्या भाषेत ईईएफसीमधले, चार हजार डॉलर पुस्तकात 84.90 ने पडून होते. त्यांचे मूल्य 3,39,600 वरून 3,42,400 झाले आणि 2,800 रुपयांचा नफा झाला. एकूण तोटा 3,200. मालकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, “मग ते चार हजार डॉलर आजच देऊन टाका ना.” सल्ला व्यवहारी होता, पण महिन्याच्या शेवटी हिशेब पुस्तकात जे आहे त्याचा लागतो, मनात जे आहे त्याचा नाही, हे त्यांना पटवण्यात माझी एक लोकल गेली.

त्याच पुरवठादाराला पुढच्या मालासाठी दोन हजार डॉलर आगाऊ दिलेले होते, आणि महिनाअखेरीचा खरा खलनायक म्हणजे हा ॲडव्हान्स. तो 84.50 ने गेलेला, म्हणजे 1,69,000 रुपये. संगणकाला काय, त्या खात्यात डॉलर दिसले की तो सगळ्यांनाच 85.60 लावून टाकतो आणि दोन हजार दोनशे रुपयांचा नफा हसतमुखाने आपल्या हातात ठेवतो. हा नफा घ्यायचा नसतो. कारण त्या दोन हजार डॉलरच्या बदल्यात आपल्याला डॉलर परत मिळणार नाहीत, माल मिळणार आहे. पैसा गेला तेव्हाच त्याचा दर ठरून गेला. म्हणून मी ॲडव्हान्सचे लेजर पुरवठादाराच्या देण्यापासून वेगळे काढून ठेवतो. याला खात्यात ‘साहेबांचा सोवळेपणा’ म्हणतात, याची मला कल्पना आहे.

पण खरी गंमत एक तारखेला. बिलांवरची महिनाअखेरीची नोंद आम्ही नव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी उलटवून टाकतो, ज्याला सगळे रिव्हर्सल म्हणतात. बँकेच्या शिलकीला मात्र नवाच दर राहू देतो, कारण ती पुढच्या खर्चाला तशीच वापरली जाते. हे बिल पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला 85.40 ने फेडले, म्हणजे रुपये गेले 8,54,000. मूळ साडेआठ लाखांशी तुलना केली, तर खरा तोटा चार हजार. आता पहिल्या महिन्यात सहा हजारांचा तोटा, दुसऱ्यात रिव्हर्सलचे सहा हजार परत आणि भरणा करताना चार हजारांचा तोटा. दोन महिने मिळून बरोबर चार हजार. रिव्हर्सल राहून गेले, तर मात्र पहिल्या महिन्याचे सहा आणि दुसऱ्याचे चार असा दहा हजारांचा तोटा पुस्तकात चढतो आणि फेडलेल्या पुरवठादाराच्या खात्यात सहा हजार रुपये शिल्लक राहतात.

हे सहा हजार ओळखायची खूण मला आवडते, कारण तिला गणिताची पदवी लागत नाही. ॲडव्हान्सचे लेजर सोडून प्रत्येक खात्याच्या रुपयांतल्या शिलकीला त्याच्या डॉलरच्या शिलकीने भागायचे. महिनाअखेरीची नोंद झाल्यावर उत्तर 85.60 च यायला हवे. 85.72 आले, तर कुठेतरी एखादी नोंद चुकीच्या दराची आहे. आणि डॉलर शून्य असूनही रुपये उरलेले असतील, तर ते भूत मागच्या महिन्याचे आहे. आमच्या आधी इथे काम करणाऱ्या गृहस्थांनी अशी भुते जपून ठेवली होती: देण्यांच्या यादीत कधीच फेडून झालेले पुरवठादार रुपयांनिशी हजर होते, आणि लेखापरीक्षक त्यांच्याकडून शिलकीची खातरी करून घ्यायला पत्रे पाठवत होते. एकाने उत्तर दिले की आमचे तुमच्याकडे काहीही येणे नाही. त्यावर आमच्याकडच्यांना वाटले, किती हा सज्जनपणा. टॅलीत ताळेबंदावर ‘Unadjusted Forex Gain/Loss’ ही ओळ दिसते, तिचेही असेच. नोंद करायची राहिली, एवढेच ती सांगत असते. मात्र कित्येक जण तिला घरातल्या जुन्या कपाटासारखी समजून तिच्या बाजूने ये-जा करत राहतात.

दुसऱ्या महिन्याचे पत्रक मालकांपुढे ठेवले, त्यात रिव्हर्सलचे सहा हजार वजा भरण्याचे चार हजार, असा विनिमय खात्यात दोन हजारांचा नफा दिसत होता. मालकांनी आधी तो आकडा पाहिला, मग माझ्याकडे, मग फोनकडे. खरेदी खात्याला बोलावून ते म्हणाले, “डॉलरचे बिल भरले की नफा होतो, असे साहेब दाखवत आहेत. बाकीची बिलेही याच आठवड्यात भरून टाका.” खरेदीवाले गृहस्थ आज्ञाधारक आहेत. मी पत्रक घेऊन त्यांच्यामागोमाग निघालो.