उशी नव्हती, लोड होता

तर मंडळी, येत्या सोमवारपासून होम व्हिजिट सुरू करतेय. म्हणजे क्लिनिक बंद नाही होत, संध्याकाळी चार ते आठ क्लिनिक तसंच चालू राहणार, पण सकाळी साडेसात ते साडेबारा मी लोकांच्या घरी जाऊन फिजिओथेरपी देणार. सध्या पंचवटी, जुनं नाशिक, गंगापूर रोड, कॉलेज रोड आणि इंदिरानगर एवढंच. नाशिकरोडवाल्यांनी रागावू नका, द्वारकेचा ट्रॅफिक आणि त्यात सिंहस्थाच्या कामांसाठी खोदलेले रस्ते, एका पेशंटमागे माझे दोन तास गाडीवर जातील आणि ते पैसे मी तुमच्याकडून घेऊ शकत नाही.

आता हे का सुरू करतेय ते सांगते, थोडं लांबेल. खरं सांगायचं तर इतकी वर्षं मी होम व्हिजिटच्या विरोधातच होते. कारण मी बघत आले की घरी येणारा माणूस बॅगेतून मशीन काढतो, गुडघ्याला चार पॅड चिकटवतो, वीस मिनिटं मोबाईल बघत बसतो, पाच मिनिटं पाय चोळतो आणि पैसे घेऊन जातो. पेशंटला छान गुदगुल्या होतात, घरच्यांना वाटतं फिजिओ चालू आहे. गुडघा मात्र आहे तिथेच.

माझं मत बदललं ते पंचवटीतल्या एका काकूंमुळे. वय ६६, उजवा गुडघा बदललेला, ऑपरेशन व्यवस्थित झालेलं, टाके सुकलेले. एकोणिसाव्या दिवशी रिक्षातून माझ्याकडे आल्या. मी गोनिओमीटर लावला (म्हणजे कोन मोजायची मोठी प्लॅस्टिकची पट्टी, शाळेतल्या कंपासपेटीतल्या कोनमापकाची मोठी बहीण समजा) तर गुडघा वाकत होता ७० डिग्री आणि सरळ व्हायला १५ डिग्री कमी पडत होत्या.

सगळे वाकण्याबद्दलच विचारतात. मांडी घालता येईल का, खाली बसता येईल का, शेजारच्यांचा तर ११० वाकतो. सरळ होण्याबद्दल कोणीच विचारत नाही, आणि मला जास्त काळजी त्याचीच असते. वाकणं उशिरा उशिरा का होईना वाढत राहतं, पण सरळ होणं पहिल्या दीड-दोन महिन्यांत मिळवलं नाही तर नंतर फार जड जातं. आणि गुडघा पूर्ण सरळ झाला नाही तर माणूस उभा असतानासुद्धा मांडीचे स्नायू सतत ताणून उभा राहतो. तुम्हीच करून बघा, गुडघे जरासे वाकवून गॅससमोर दहा मिनिटं पोळ्या लाटा, मांड्या भरून येतील. शिवाय तो पाय आखूड पडल्यासारखा होतो, लंगडणं येतं, मग कंबर दुखायला लागते.

तर काकूंना एक्सरसाइज शिकवले आणि ठरलेला प्रश्न विचारला, "काकू, झोपताना गुडघ्याखाली उशी घेता का?" काकू म्हणाल्या, "नाही गं बाई, डॉक्टरांनी सांगितलंय उशी घ्यायची नाही." सून पण म्हणाली, "नाही हो मॅडम, अजिबात नाही." विषय संपला.

आठवड्यानंतर मोजलं तर १५ चे १३ झालेले, बस. बाई रोज इमानदारीत व्यायाम करतेय, सून वहीत टिक करतेय, आणि गुडघा हलत नाही. मला वाटलं आतमध्ये काही अडकलंय की काय. त्यांना म्हटलं सर्जनला दाखवून घ्या, त्यांनी एक्सरे काढला, सांधा एकदम बरोबर बसलेला.

मग एका रविवारी धो धो पाऊस, काकूंना रिक्षा मिळेना, मी रामकुंडाच्या बाजूलाच एका कामाला आलेली, म्हटलं चला मीच जाऊन येते. जुना वाडा, उंच उंबरठा, आत गेले तर काकू पलंगावर आरामात पडलेल्या आणि गुडघ्याखाली हा एवढा मोठा लोड! मी म्हटलं काकू हे काय? तर म्हणतात, "अगं ही उशी कुठेय, हा तर लोड आहे. बैठकीतला."

मला हसावं की रडावं कळेना. पण चूक कोणाची होती? माझीच. मी उशी म्हटलं, त्यांनी उशीचं उत्तर दिलं. क्लिनिकमध्ये बसून मी अजून सहा महिने विचारलं असतं तरी मला लोड दिसला नसता. दिवसात तीन वेळा अर्धा अर्धा तास व्यायाम, आणि उरलेला सगळा दिवस आणि आख्खी रात्र लोड. कोण जिंकणार?

बरं, लोड घ्यावासा का वाटतो तेही समजून घ्या, कारण पेशंट काही मुद्दाम करत नाही. ऑपरेशननंतर सांध्यात सूज असते, पाणी भरलेलं असतं. गुडघा थोडा वाकवून ठेवला की आतली जागा वाढते, दाब कमी होतो, बरं वाटतं. म्हणून हात आपोआप उशीकडे जातो आणि सून प्रेमाने आणून देते. पण तसंच ठेवलं की गुडघ्यामागचं आवरण आणि मागच्या शिरा (शिरा म्हणजे आपण बोलतो तसं, खरं तर स्नायू) त्याच लांबीला आखडून बसतात.

उपाय अगदी साधा होता. लोड काढला, जाड टॉवेलची गुंडाळी केली आणि ती गुडघ्याखाली न ठेवता टाचेखाली ठेवली, म्हणजे गुडघा मध्ये मोकळा लटकतो आणि स्वतःच्या वजनाने सरळ होत जातो. सुरुवातीला पाच मिनिटंसुद्धा काकूंना सोसेनात, पहिल्या दिवशी तीनच मिनिटं केली, हळूहळू दहावर नेली, दिवसातून चार-पाच वेळा. त्यातच मांडी आवळून गुडघा खाली दाबायचा, पाच आकडे मोजायचे, सोडायचं, असं दहा वेळा. झोपताना पाय नुसता सरळ, सूज असेल तर पूर्ण पोटरी आणि टाच उचलून धरेल असा आधार, फक्त गुडघ्याखाली काही नको.

घरात अजून दोन गोष्टी सापडल्या. एक, काकू सकाळचा व्यायाम करायच्या पहाटे सहाला आणि डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी घ्यायच्या नऊला नाश्त्यानंतर. म्हणजे दुखणं सगळ्यात जास्त तेव्हाच व्यायाम. व्यायाम नाश्ता आणि गोळीनंतर पाऊण तासाने नेला, नंतर पंधरा मिनिटं बर्फ, फडक्यात गुंडाळून, थेट कातडीवर नाही. दुसरी गोष्ट कमोडची खुर्ची. वाड्यात भारतीय संडास, म्हणून वर ठेवायची खुर्ची आणलेली, पण तिच्या एका पायाचं रबर गायब. ओल्या फरशीवर! मी त्या दिवशी पडलेलं माणूस बघायला नाही, पडणार असलेलं माणूस बघायला गेले होते असं वाटलं. पन्नास-साठ रुपयांचं रबर, मुलाने तासाभरात आणलं.

वाड्याच्या जिन्यावर चढ-उतार पण करून घेतली, कारण काकूंचं देवघर वर आणि त्या काही ऐकणाऱ्यातल्या नाहीत. चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी ऑपरेशनचा पाय. मी सांगते "चांगला वर, दुखरा खाली", एवढं पाठ करा. एका हाताला कठडा, आणि पहिले काही दिवस उतरताना घरातलं माणूस पुढे खालच्या पायरीवर, मागे नाही.

चौथ्या व्हिजिटला १३ चे ६ झाले. सहा आठवडे झाले तेव्हा ४, आणि वाकणं ९८. आठ आठवड्यांनी सरळ जवळजवळ पूर्ण, वाकणं ११०. खुर्चीतून हात न टेकता उठायला साधारण नव्वदच्या पुढे लागतं, तेवढं मिळालं की अर्धं घर परत आपलं होतं. मांडी घालून बसणं नाही मिळालं, आणि ते मी आधीच सांगितलं होतं, त्यावरून काकू अजून माझ्यावर थोड्या रुसलेल्या आहेत.

घरच्या घरी कळायला एक टेस्ट. पेशंटला सपाट पलंगावर उताणं झोपवा, पाय सरळ, आणि गुडघ्यामागून हात घालून बघा. दुसऱ्या पायापेक्षा जास्त जागा आहे का? असेल तर सरळ होणं कमी पडतंय. आणि पडल्या पडल्या सरळ दिसतो पण पाय उचलला की गुडघा वाकतो, असं असेल तर मांडीचा स्नायू अजून जागा झालेला नाही, त्याचा व्यायाम वेगळा.

आता माझ्या सर्व्हिसबद्दल. पहिली व्हिजिट तासाभराची, त्यात मी डिस्चार्ज कार्ड बघणार, गुडघा मोजणार आणि मग तुमचं घर बघणार. पलंग, खुर्ची, संडास, बाथरूम, पायपुसणी, सगळं. लाज वाटून घेऊ नका आणि माझ्यासाठी घर आवरू नका, आवरलेल्या घरात मला काहीच दिसत नाही. व्यायाम करवून घेईल असं घरातलं एक माणूस हजर पाहिजे. पहिले दोन आठवडे आठवड्यातून तीन व्हिजिट, मग दोन, मग एक. रोज येणार नाही, रोजचं काम तुमचं आहे. पेशंट जिना उतरून रिक्षात बसू शकला की मी त्याला क्लिनिकला बोलावणार, कारण सायकल आणि बाकीचं सामान तिकडे आहे आणि घराबाहेर पडणं हा पण व्यायामच. पहिली व्हिजिट ८००, नंतरच्या ६००. मशीन लागलं तर आणेन, पण नुसतं मशीन लावायला येणार नाही.

काही गोष्टींसाठी मला बोलवूच नका, सरळ हॉस्पिटलला फोन करा. पोटरी अचानक सुजली, गरम लागतेय, दाबल्यावर दुखतेय, तर रक्ताची गाठ असू शकते, अशा वेळी चोळायचं तर अजिबात नाही. त्यात दम लागला किंवा छातीत दुखलं तर थांबायचंच नाही, ताबडतोब निघायचं. टाक्यातून पाणी किंवा पू, ताप, तेही सर्जनकडेच. आणि सहा आठवड्यांनंतरही गुडघा नव्वद वाकत नसेल तर सर्जनला भेटा, कधी कधी भूल देऊन गुडघा वाकवून द्यावा लागतो आणि त्याची पण एक वेळ असते. तोपर्यंत कोणा मालिशवाल्याला पाय दाबून वाकवायला देऊ नका. माझ्याकडे असे दोन आले, दोघांचाही गुडघा फुगून आठ दिवस व्यायाम बंद.

आणखी एक, मी काय किंवा दुसरं कोणी काय, घरी येणाऱ्याला महाराष्ट्राच्या फिजिओथेरपी कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर विचारा. खुशाल विचारा, मला राग येत नाही.

ज्यांना हवंय त्यांनी इनबॉक्समध्ये एरिया, ऑपरेशनची तारीख आणि तीन फोटो पाठवा: पेशंट झोपतो ती जागा, बसतो ती खुर्ची आणि संडास. पेशंटचा फोटो नको. घरात कुत्रा असेल तर तेवढं आधी सांगा, मी घाबरते. चहा घेते, पण शेवटी.