वेगळी अर्थिंग केली, तरी कॅमेरा का गेला?

«तुमचं वाचून शेतातल्या आखाड्यावरच्या लोखंडी खांबाला वेगळी अर्थिंग केली, घरी एनव्हीआरजवळ सर्ज प्रोटेक्टर बसवला. परवाच्या वळवात एक कॅमेरा अन् एनव्हीआरचं पोर्ट गेलंच. दुसरा कॅमेरा रात्री आपोआप बंद-चालू होतो. फुकट खर्चात पाडता राव लोकांना.»

दादा, राग रास्त आहे, आणि अर्धी चूक माझी. खांबाच्या अर्थिंगचं लिहिलं. तिचा घरच्या अर्थिंगशी काय संबंध येतो, ते लिहायचं राहिलं.

जवळपास वीज पडली की करंट जमिनीत पसरतो आणि तिथली जमीन क्षणभर हजारो व्होल्टवर चढते. आखाड्याची अर्थिंगची सळई चढली, घरची तेवढी चढली नाही. दोघींना जोडणारी तांब्याची वाट एकच, तुमची ८० मीटरची कॅट-सिक्स. करंट खांबावरून कॅमेऱ्यात आणि केबलमधून घरच्या पोर्टात गेला. त्यात मे महिन्यात काळी माती भेगाळून सळईपासून सुटते, म्हणजे अर्थिंग आधीच कमजोर.

एवढ्या अंतराला माझ्या मते तांबं नकोच. आतून लोखंडी तार किंवा पत्रा नसलेली फायबर टाका, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर. कॅमेऱ्याची लाइट मोटारीच्या पेटीतून घ्या, तिथेच सर्ज प्रोटेक्टर बसवून खांबाच्या अर्थिंगला जोडा. तांबंच ठेवायचं असेल तर प्रोटेक्टर दोन्ही टोकांना हवा, एका टोकाचा अर्धवट. घराच्याच भिंतीवर कॅमेरे असतील तर निराळी सळई ठोकूच नका, घरच्या अर्थिंगला जोडा.

फोटोत प्रोटेक्टरची हिरवी वायर वेटोळं करून टांगलेली दिसली, तीनेक मीटर असेल. करंट एका मायक्रोसेकंदात १००० अँपिअरने वाढला, तर वायरच्या दर मीटरला साधारण १००० व्होल्ट चढतात. म्हणजे तीन हजार व्होल्ट पोर्टावर येतातच, प्रोटेक्टर कितीही भारी असो. वायर जाड करून फारसा फरक पडत नाही. आखूड करा, अर्ध्या मीटरच्या आत, सरळ. आणि खांबावरच वीज कोसळली तर यातलं काहीच वाचवणार नाही, हेही सांगून ठेवतो.

दुसरा कॅमेरा विजेनं गेलेला नाही, तो ओलीनं आजारी आहे. रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की करंट जास्त ओढला जातो, गंजलेल्या सांध्यात व्होल्टेज पडतं, कॅमेरा रिस्टार्ट होतो. दिवसा मात्र ठणठणीत. लाइट बंद करून कनेक्टर उपसून बघा, पिनांवर हिरवट थर असेल. काळ्या टेपनं गुंडाळलेला सांधा उन्हात सुटतो, मग पाणी आत जातं पण वाळत नाही.

तारा चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे कापा, नवा कनेक्टर लावा, सांधा वॉटरप्रूफ डबीत घ्या. केबल ग्लँडमधून खालूनच आत न्या, आणि आधी तिला खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी तिथेच ठिबकेल. आंबट, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सांध्याजवळ नको, त्यानं तांबं आणखी गंजतं.