जतची चिठ्ठी क गटात कशी गेली

"ड्रॉ ठरवून केलाय. जतची चिठ्ठी निघाली तेव्हा पाळी ब गटाची होती. ब मध्ये जतचा दुसरा संघ नव्हता, तरी उचलून क मध्ये टाकली. आणि वेगवेगळे डबे कशाला? सगळ्या चिठ्ठ्या एका डब्यात टाका, हलवा, काढा. त्यात सगळ्यांना सारखी संधी."

सांगलीतल्या आमच्या कबड्डी स्पर्धेच्या ड्रॉवर हा आरोप झालाय. त्या ड्रॉला वहीत क्रम लिहायला मीच बसलो होतो, म्हणून आधी क्रमच सांगतो. नऊ संघ, तीन गट, तीन डबे. पहिल्या डब्यातले मानांकित संघ असे बसले: तासगाव अ गटात, मिरज ब मध्ये, वाळवा क मध्ये. दुसऱ्या डब्यात मिरजेचा दुसरा संघ, वाळव्याचा दुसरा संघ आणि जत. एका तालुक्याचे दोन संघ एका गटात येऊ द्यायचे नाहीत, आणि निघालेली चिठ्ठी अ पासून बघत पहिल्या चालणाऱ्या गटात लावायची, एवढंच ठरलं होतं. तिसऱ्या डब्यात वेगळ्याच तालुक्यांचे संघ होते, तिथं प्रश्नच आला नाही.

दुसऱ्या डब्यातून पहिली चिठ्ठी निघाली मिरजेच्या दुसऱ्या संघाची. तो अ मध्ये गेला. मग जत. ब मोकळा, तिथं जतचं कुणी नाही, सगळं खरं. पण जतला ब मध्ये बसवलं की डब्यात उरते वाळव्याची चिठ्ठी आणि गट उरतो क, जिथं वाळवा आधीच बसलाय. आता तिला टाकणार कुठं? म्हणून जत क मध्ये, वाळव्याचा दुसरा संघ ब मध्ये. अडचण जतची नव्हती, डब्यात राहिलेल्या चिठ्ठीची होती. माईकवर हे कारण कुणी सांगितलं नाही, ती मात्र आमची चूक.

फुटबॉलच्या विश्वचषकातही असंच होतं. 2018 च्या रशियातल्या स्पर्धेत गट आठ आणि युरोपचे संघ 14. एका गटात युरोपचे जास्तीत जास्त दोन आणि बाकी कुठल्याही महासंघाचा एकच. तिथंही पुढचा संघ अडकणार असेल तर आताचा संघ मोकळा गट सोडून पुढे सरकतो.

आता एका डब्याचं. तालुक्याचा नियम बाजूला ठेवून आमच्या नऊ चिठ्ठ्या एकत्र केल्या असत्या तर तासगाव, मिरज, वाळवा हे तिघं तीन वेगळ्या गटांत पडण्याची शक्यता 28 पैकी 9. म्हणजे तीनातल्या दोन वेळा दोन तगडे संघ साखळीतच एकमेकांना भिडणार आणि दुसऱ्या एखाद्या गटात मानांकित कुणीच नसणार. शिवाय एकच डबा केला म्हणून तालुक्याचा नियम जात नाही, चिठ्ठी सरकवावी लागणारच.

सारख्या संधीच्या मुद्द्यात मात्र दम आहे, फक्त बोट भलत्याच जागी ठेवलंय. दुसऱ्या डब्यातल्या तीन चिठ्ठ्या सहा क्रमांनी निघू शकतात. मी सहाही मांडून बघितले: जत दोनदा अ मध्ये, दोनदा ब मध्ये, दोनदा क मध्ये. चोख. पण मिरज अ मध्ये, वाळवा ब मध्ये आणि तासगाव क मध्ये असता तर? त्याच चिठ्ठ्या, तोच नियम, आणि जत तीनदा अ मध्ये, एकदाच ब मध्ये, दोनदा क मध्ये! कुणी हात न लावता. सरकवण्याच्या पद्धतीत असा झुकाव येऊ शकतो. कधी येतो, कधी नाही.

तो नको असेल तर तिन्ही चिठ्ठ्या न सरकवता लावायच्या आणि नियम मोडला की सगळ्या परत डब्यात टाकून पहिल्यापासून काढायच्या. फक्त उरलेली चिठ्ठी परत काढून भागत नाही. आमच्याकडे सहापैकी तीन मांडण्या चालतात, म्हणजे सरासरी दोनदा काढलं की काम होतं. मोठ्या स्पर्धेत कितीतरी वेळा डबा परत भरावा लागेल आणि टीव्हीसमोर ते कुणाला परवडत नाही.

खरी गडबड कशी असते ते डिसेंबर 2021 मध्ये चॅम्पियन्स लीग फुटबॉलच्या ड्रॉत दिसलं. एकाच गटातून आलेले व्हिलारिआल आणि मँचेस्टर युनायटेड समोरासमोर आले. ते बदललं, पण पुढे अॅटलेटिकोच्या प्रतिस्पर्ध्यांत युनायटेडची चिठ्ठी घालायचीच राहिली. युरोपच्या फुटबॉल महासंघानं, म्हणजे युएफानं, बाहेरच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरवर बोट ठेवलं आणि त्याच दिवशी सगळा ड्रॉ नव्यानं काढला. चूक अशी सापडते: चिठ्ठ्यांचा क्रम आणि नियम हातात घेऊन पुन्हा मांडायचं, आणि निकाल जुळत नाही.

आमच्या वहीतला क्रम आहे मिरजेचा दुसरा, जत, वाळव्याचा दुसरा. ज्याला शंका आहे त्यानं तीन कागदाचे तुकडे घ्यावेत आणि जतला क सोडून कुठं बसवता येतं ते दाखवावं.