न मिळालेल्या पैशांची उलाढाल

गॅलरीत अळू, कढीपत्ता आणि अधूनमधून रुसणारा मोगरा वाढवण्याचे व्हिडिओ मी करते. कोथरूडमध्ये याला अजून 'घरीच असते ना, मोबाइलवर काहीतरी करते' असं म्हणतात. आयकर खातं मात्र याला व्यवसाय म्हणतं. एवढा मान मला माहेरीही मिळालेला नाही.

मार्चमध्ये टिळक रोडवरच्या आमच्या सीए काकांकडे पासबुक घेऊन गेले. सेवा देणाऱ्याला वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, आणि पासबुकात जमा १९,३०,००० रुपये दिसत होते. मी निवांत होते. काकांनी पासबुक बाजूला ठेवलं.

"हे बँकेत आलेले पैसे झाले. मिळवलेस किती?"

मला दोन्ही एकच वाटत होतं. काकांना नाही.

त्यांनी चॅनेलच्या जाहिरातींपासून सुरुवात केली. हे पैसे सिंगापूरच्या कंपनीकडून डॉलरमध्ये येतात. वर्षभरात बँकेत १२,१०,००० आले होते. पण त्यातली २ लाखांची कमाई अमेरिकेतल्या प्रेक्षकांमुळे होती. न्यू जर्सीत बसून अळूच्या आठवणीने हळवी होणारी आपलीच माणसं ती, पण तिकडचं सरकार त्यांच्या हळवेपणावर १५ टक्के कर आधीच कापून घेतं. म्हणजे ३०,००० रुपये मी डोळ्यांनी पाहिलेच नाहीत.

"ते तुझंच उत्पन्न," काका म्हणाले. "पूर्ण १२,४०,००० धरायचे. तिकडे कापलेला कर आपल्या आयकरातून वळता मागता येईल, पण उलाढाल कमी होत नाही."

"पण परदेशातून आलेल्या पैशांवर जीएसटी नसतो ना?"

"कर शून्य. मोजणीतून सुटका नाही. निर्यातसुद्धा २० लाखांत धरतात."

मग भारतीय कंपन्यांच्या जाहिराती, ४,२०,००० रुपये. मग बागेची हत्यारं करणाऱ्या जर्मन कंपनीची जाहिरात, ३ लाख. बेरीज १९,६०,०००. मी सुटकेचा निःश्वास सोडणार, एवढ्यात काकांनी विचारलं, "फुकट काही घेतलंस का?"

घेतलं होतं. ओल्या कचऱ्याचं खत करणारं यंत्र, किंमत ६०,०००. कंपनीने एक रुपयाही दिला नव्हता. यंत्र ठेवा आणि व्हिडिओ करा, एवढाच सौदा. उलट यंत्र पाठवण्याआधी त्यांनीच माझ्याकडून १० टक्क्यांचं, म्हणजे ६,००० रुपये आयकर भरल्याचं चलन मागितलं होतं. २०,००० च्या वरच्या अशा भेटीवर जुलै २०२२ पासून हा नियम आहे. भेट मिळवायला खिशातून पैसे घालणारी आमच्या घराण्यातली मी पहिलीच.

"वस्तूच्या बदल्यात काम म्हणजे तीही उलाढाल," काकांनी आकडा लिहिला. २०,२०,०००.

मी पुन्हा हिशेब केला. अमेरिकेने कापलेले ३० हजार आणि हे यंत्र सोडलं, तर मी १९,३०,००० वरच होते. यातलं एक जरी नसतं तरी २० लाख ओलांडले नसते. जे पैसे खात्यात आलेच नाहीत, त्यांनी मला जीएसटीत नेऊन सोडलं.

"व्हिडिओपुरतं वापरून यंत्र परत दिलं असतंस, तर धरलं नसतं," काका म्हणाले. त्यासाठी ते सासूबाईंच्या ताब्यातून सोडवावं लागलं असतं. त्या यंत्रात त्या दुधी भोपळ्याच्या साली घालतात आणि झाकण लावून त्याच्याशी बोलतात.

२० लाख ओलांडल्यापासून ३० दिवसांत नोंदणीचा अर्ज करायचा होता, तो केला. त्यासोबत दरवर्षी भरायचं एलयूटी नावाचं हमीपत्रही दिलं. ते नसेल तर सिंगापूरच्या पैशांवर आधी पदरचे १८ टक्के भरायचे आणि मग परताव्याची वाट बघायची.

खरी मजा जर्मनांच्या पुढच्या कामात आली. कंपनी जर्मन, हत्यारं जर्मन, पण करार आणि पैसे मुंबईच्या एजन्सीचे. काकांनी एकच प्रश्न विचारला, "बिल कुणाच्या नावावर?" एजन्सीच्या. मग गिऱ्हाईक मुंबईचं, जर्मन नव्हे. निर्यात संपली, १८ टक्के लागू. तेच काम थेट जर्मन कंपनीशी करार करून, पैसे युरोत घेऊन केलं असतं, तर कर शून्य.

मी एजन्सीला १ लाख अधिक १८,००० असं बिल पाठवलं. तिकडून एका मुलाचा फोन आला, "मॅडम, आपलं १ लाखातच ठरलं होतं ना, सगळं धरून?" तसं धरलं असतं, तर माझ्या हातात ८४,७४६ रुपये उरले असते. मी म्हटलं, "ठरल्याच्या मेलमध्ये 'अधिक जीएसटी' लिहिलंय, बघा. आणि तुम्हाला त्याचं क्रेडिट मिळतं, तेवढे तुमच्या जीएसटीतून वळते होतात." बराच वेळ कीबोर्डचा आवाज आला. मग तो म्हणाला, "हो, लिहिलंय."

गेल्या आठवड्यात एका कुंडीवाल्यांचा निरोप आला. पैसे नाहीत, पण ४०,००० च्या टेराकोटा कुंड्या देऊ. मी कळवलं, कुंड्या पाठवा, आणि त्यांच्यावरचे ७,२०० रुपये जीएसटी रोख पाठवा.