मीटिंगमध्ये सगळ्यात लहान असाल तर एकच मुद्दा मांडा, पण मोजून आणा

नोकरीला नुकत्याच लागलेल्या मुलामुलींना आपण सर्रास सांगतो, "मीटिंगमध्ये बोलत जा, गप्प बसू नका." पण काय बोलायचं, कधी बोलायचं आणि आधी काय तयारी करायची, हे कुणी सांगत नाही. मग ती मुलं एक तर बोलतच नाहीत, नाहीतर एकदम पाच गोष्टी बोलून टाकतात आणि पाचही वाऱ्यावर जातात. माझं मत असं की वयाने आणि अनुभवाने सगळ्यात लहान असलेल्याने एका मीटिंगमध्ये एकच गोष्ट बोलावी, आणि तीही आपल्या टेबलावरून दिसते पण इतरांना दिसत नाही अशी. हे मी उगाच म्हणत नाही. आमच्याकडे या उन्हाळ्यात काय झालं ते सविस्तर लिहिते.

मी ठाण्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये बायोकेमिस्ट्री बघते. आमच्याकडे होम कलेक्शन खूप. फ्लेबो मुलं सकाळी साडेसहापासून घरोघरी जाऊन रक्त घेतात, नळ्या बॅगेत ठेवतात आणि दुपारपर्यंत बॅगा लॅबला पोचतात. नौपाडा, कोपरी हे रूट जवळचे. घोडबंदर रोडचे रूट लांब, पार कासारवडवलीच्या पुढे. तिथली मुलं ट्रॅफिकमध्ये अडकली की पहिल्या घरच्या नळीला लॅबमध्ये यायला सहज पाच-सहा तास लागतात.

मे महिन्यात पोटॅशियमचे रिपोर्ट वर यायला लागले. पोटॅशियम साधारण 3.5 ते 5.1 असावं. आमच्याकडे 5.5, 5.7 असे आकडे यायचे आणि पेशंटला बोलावून पुन्हा रक्त घेतलं की 4.8 किंवा 4.9. वाचायला फरक छोटा वाटतो, पण टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी चालू असलेल्या माणसाचं पोटॅशियम 5.7 दिसलं तर डॉक्टर ती गोळी बंद करू शकतात. म्हणजे आमच्या चुकीच्या आकड्यावर कुणाचं तरी चांगलं चाललेलं औषध थांबणार. डॉक्टरांचे फोन यायला लागले आणि मंगळवारच्या मीटिंगमध्ये हाच विषय निघाला.

टेबलाभोवती सगळे मुरलेले लोक. आधी मशीनवर चर्चा झाली. इलेक्ट्रोड जुना झाला असेल, कॅलिब्रेशन बघा, इंजिनिअरला बोलवा. पण रोजचं क्यूसी, म्हणजे मशीन बरोबर मोजतंय का याची तपासणी, व्यवस्थित होतं. मग गाडी फ्लेबोंवर आली. मुलं घाईत रक्त ओढतात, पेशी फुटतात आणि पेशींतलं पोटॅशियम बाहेर येतं. हे कारण नेहमीचं आणि खरंही असतं. पण पेशी फुटल्या तर सीरम, म्हणजे रक्तातून पेशी वेगळ्या केल्यावर उरणारं पाणी, गुलाबी-लालसर दिसतं. इथे सीरम स्वच्छ पिवळं होतं. तरीही चर्चा तिथेच घुटमळत होती, कारण दुसरं कारण कुणाच्या डोळ्यासमोर नव्हतं.

रिसीव्हिंगला एक मुलगी आहे, डीएमएलटी करून आमच्याकडे लागलेली, त्या खोलीत सगळ्यात लहान. तिचं काम म्हणजे बॅग उघडायची, नळ्या मोजायच्या, बारकोड स्कॅन करायचे. ती म्हणाली, "मॅडम, एक गोष्ट दिसली आहे. पोटॅशियमचे जे 14 रिपीट झाले त्यातले 11 घोडबंदरच्या दोन बॅगांमधले आहेत. त्या बॅगांमधल्या नळ्या हातात घेतल्या की बर्फासारख्या गार लागतात, कारण जेलपॅक थेट नळ्यांना चिकटून ठेवलेले असतात. बाकीच्या रूटच्या बॅगांत तसं नाहीये. कारण हेच आहे का ते मला माहीत नाही. एका बॅगेत आठवडाभर मध्ये थर्माकोलचा तुकडा घालून बघूया का?"

इतकंच. पण त्यात किती काम आधी झालं होतं, ते नंतर बोलताना कळलं.

सलग काही दिवस ती प्रत्येक रिपीटपुढे रूट आणि बॅग पोचल्याची वेळ वहीत लिहीत होती. यासाठी कुणाची परवानगी लागली नाही, सॉफ्टवेअर लागलं नाही. तिच्याकडे मोजणी नसती आणि ती नुसतं "घोडबंदरचे सॅम्पल गार येतात" म्हणाली असती, तर कुणीतरी "उन्हाळा आहे, गारच हवेत" म्हणून विषय तिथेच संपवला असता. नव्या माणसाच्या मताला वजन नसतं, हे कटू असलं तरी खरं आहे. त्याने मोजून आणलेल्या आकड्याला मात्र वजन असतं. 14 पैकी 11 कुणी मोजले, हे विचारायची मग गरज पडत नाही.

दुसरं म्हणजे मीटिंगच्या आदल्या दिवशी ती आमच्या लॉजिस्टिक्सच्या दादांना भेटली होती. बॅगा हे त्यांचं खातं. त्यांना न सांगता सगळ्यांसमोर बॅगेचा विषय काढला असता तर ती सरळसरळ त्यांची तक्रार झाली असती, आणि दादांनी आपल्या मुलांची बाजू घेतली असती. तसं कुणीही केलं असतं. ती म्हणाली, "दादा, मला असं दिसतंय, तुम्हाला काय वाटतं?" दादांनीच सांगितलं की मागच्या उन्हाळ्यात सॅम्पल तापून येतात अशी ओरड झाली होती, तेव्हापासून लांबच्या रूटच्या मुलांना जास्तीचे जेलपॅक दिले जातात. जेलपॅक काढून टाकू नका, मध्ये काहीतरी घाला, ही कल्पना त्यांचीच. म्हणजे मीटिंगमध्ये आली तेव्हा सूचना सुधारलेली होती आणि टेबलावर तिला पाठिंबा देणारा एक माणूस होता.

या एका माणसाचं महत्त्व फार आहे. सॉलोमन ॲश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1950 च्या दशकात एक प्रयोग केला होता. रेघांची लांबी ओळखायची, उत्तर डोळ्यांना स्पष्ट दिसणारं, पण आधी बोलणारे सगळे ठरवून एकसारखं चुकीचं उत्तर द्यायचे. बरेच लोक कधी ना कधी त्यांच्यामागे जाऊन चुकीचं बोलले. मात्र त्या गटात एक जरी माणूस बरोबर उत्तर देणारा ठेवला, तर हे प्रमाण खूपच खाली आलं. म्हणून मी नव्या मुलांना सांगते की सगळी खोली आधी पटवायच्या भानगडीत पडू नका. ज्याच्या कामाला तुमची सूचना भिडते, त्या एका माणसाशी आदल्या दिवशी बोला.

तिसरी गोष्ट वेळेची. मशीनची चर्चा होऊन क्यूसी ठीक आहे हे पुढे आल्यावर, पण "ठरलं, इंजिनिअरला बोलवा" असं म्हणायच्या आधी ती बोलली. निर्णय जाहीर झाल्यावर तीच सूचना आली असती तर ऐकणाऱ्याला तो विरोध वाटला असता. आपल्याकडे वरिष्ठाने ठरवलेलं मोडून काढणं लहानाला परवडत नाही आणि वरिष्ठालाही मागे येणं जड जातं.

आणि बोलण्याची पद्धत. "सॉरी हं, माझं चुकत असेल, मी तर नवीनच आहे" अशी सुरुवात तिने केली नाही. ही माफी विनयाने मागितली जाते, पण ऐकणारा तिथेच कान मिटतो. "कारण हेच आहे का ते माहीत नाही" हे मात्र ती बोलली, कारण ती वस्तुस्थिती होती. पहिल्या वाक्यात माणूस स्वतःला लहान करतो. दुसऱ्यात आपल्याला काय माहीत आहे आणि काय नाही, एवढंच सांगतो.

तिच्या वहीत आणखी एक मुद्दा होता, बारकोड तिरके चिकटवतात त्याचा. तोही खरा आहे, रोज वेळ खातो. तो तिने त्या दिवशी काढला नाही. काढला असता तर अर्धी मीटिंग बारकोडवर गेली असती, कारण बारकोडवर प्रत्येकाला मत आहे.

आक्षेप आलाच. एक सर म्हणाले, "अगं, जेलपॅक सगळ्याच लॅब वापरतात." ती म्हणाली, "हो सर, आपल्या नौपाड्याच्या बॅगेतही आहेत, पण ते वेगळ्या खणात असतात." उत्तर एका वाक्यात, आवाज न चढवता. मग आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी दुवा जोडला. पोटॅशियम पेशीच्या आत धरून ठेवणारा जो पंप असतो तो थंडीत मंदावतो. त्यामुळे पेशी न फुटताही पोटॅशियम हळूहळू सीरममध्ये झिरपतं. सीरम पिवळं का होतं याचं उत्तर तिथे मिळालं. म्हणजे निरीक्षण सगळ्यात लहान मुलीचं आणि स्पष्टीकरण सगळ्यात मोठ्या व्यक्तीचं. मला हे फार आवडलं. लहानाकडून पूर्ण उत्तराची अपेक्षा नसतेच, त्याच्या जागेवरून जे दिसतं तेवढं पुढे आलं तरी पुरतं.

दोन बॅगांपैकी एकीत थर्माकोल घातला, दुसरी तशीच ठेवली. सुधारलेल्या बॅगेतून मधल्या एका दिवशी 6.2 आलं आणि लगेच "झालं, काही फरक नाही" असा सूर लागला. पुन्हा रक्त घेतलं तर 6.1. पेशंट किडनीचा होता, आकडा खरा होता. त्या मुलीनेच आठवण करून दिली की कुठल्याही रूटचा वाढलेला आकडा खोटा धरून चालायचं नाही, रिपीट करायचंच. आठवडा संपला तेव्हा त्या बॅगेतून दुसरा कुठलाच रिपीट बदलला नव्हता. दुसऱ्या बॅगेतून जुनाच प्रकार चालू होता.

थर्माकोलने सगळं सुटलं असं नाही. नळी पाच-सहा तास न फिरवता राहणं मुळात वाईट, रक्त घेतल्यापासून साधारण दोन तासांत सीरम पेशींपासून वेगळं व्हायला हवं. आता घोडबंदरच्या बॅगा आधी मानपाड्याच्या कलेक्शन सेंटरला उतरतात, तिथे नळ्या फिरवून सीरम वेगळं करणारं सेंट्रिफ्यूज ठेवलंय. तो खर्चाचा निर्णय वरच्यांनी घेतला, पण थर्माकोलच्या आठवड्याचा कागद समोर होता म्हणून घेतला.

मीटिंग घेणाऱ्यांनाही एक सांगायचंय. आपल्या लष्कराच्या कोर्ट मार्शलमध्ये सदस्यांची मतं सगळ्यात कनिष्ठ सदस्यापासून घेतात. वरिष्ठ आधी बोलला की खालच्यांचं मत त्याच्याकडे झुकतं, म्हणून. जिथे शिस्त एवढी कडक तिथे हा नियम चालतो, तर आपल्या दहा माणसांच्या मीटिंगमध्ये का चालू नये? मी आता मंगळवारी पहिला प्रश्न रिसीव्हिंगला विचारते, "या आठवड्यात बॅगांमध्ये काय दिसलं?" आणि मिनिट्समध्ये सूचनेपुढे नाव लिहिते. नाहीतर महिन्याभरात तीच सूचना दुसऱ्याच कुणाच्या तोंडून ऐकू येते.

सूचना नाकारली जाण्याचीही शक्यता असतेच. काही ठिकाणी लहानांचं ऐकायचंच नाही असं ठरलेलं असतं, तिथे वही कितीही नीट ठेवली तरी उपयोग होत नाही, हे मी मानते. पण तसं आहे की नाही हे ठरवण्याआधी एकदा तरी मोजलेला आकडा आणि आठवडाभराच्या प्रयोगाची मागणी, एवढं टेबलावर ठेवून बघा. तुमच्यापैकी कुणी असं केलं असेल तर कमेंटमध्ये लिहा, पण कुठे, काय मोजलं आणि समोरून काय उत्तर आलं, ते सगळं लिहा.

आमच्या पुढच्या मंगळवारी बारकोडचा विषय आहे.